माजघराची तुळई मी नाकारली

माझा दुसरा मुलगा झाला तेव्हा घनसावंगीकडं निजामाचं राज्य होतं आणि आमच्या घरात सासूचं. बारशाचा पाळणा माजघराच्या तुळईलाच टांगायचा, हे तिनं ठरवलेलंच होतं. घरातली सगळी पोरं त्याच तुळईखाली झोपलेली.

मला ती तुळई पसंत नव्हती. तिच्याखाली रोज लाकडाचा बारीक भुसा पडायचा आणि तो मीच झाडत आले होते. सातव्या दिवशी बाळाला घोंगडीवर ठेवलं, शिडी लावली आणि पोती शिवायचं दाभण तुळईत खुपसलं. ते मुठीपर्यंत आत गेलं.

"अगं बये! सोयर फिटलं न्हाई अन् शिडीवर चढून राह्यली!" सासू ओरडली.

"आत्याबाई, लाकूड आतून पोकळ झालंय."

"तुझ्या नवऱ्याला हिनंच पेललं. तवा न्हाई मोडली!"

"तवा कीड नव्हती. माझं लेकरू हिच्याखाली न्हाई झोपायचं."

मालकांनी पाळणा अडकवायला जालन्याहून स्प्रिंगचा आकडा आणला होता. त्यावर वीस शेराचा ठसा होता. मी विचारलं, "पाळणा किती शेर?"

"चौदा. लेकरू, गोधडी धरून अठरा. बराबर बसतं."

"लेकरू काय एवढंच राहणार हाय? थोरला धाकट्याच्या शेजारी चढला तर? झोक्याचा हिसका लागतो तो वेगळाच."

ते चिडले, पण जाऊन आकडा बदलून आले. नवा चाळीस शेराचा होता.

मग स्वयंपाकघराची तुळई पाहिली. चुलीच्या धुरानं ती काळी पडली होती, तिथं कीड शिरलीच नव्हती. मालकांनी ठोकली तर भरीव आवाज आला, दाभणाचं टोकही रुतलं नाही. चुलीपासून लांब, दाराच्या बाजूला त्यांनी साखळी अडकवली आणि आकड्याला ज्वारीचं एक मणाचं, म्हणजे चाळीस शेरांचं पोतं टांगलं. ते संध्याकाळपर्यंत तसंच ठेवलं. पोतं काढल्यावर स्प्रिंग होती तशी मिटली. शिवाय मी एक जाड दोर तुळईवरून पाळण्याला ढिला बांधायला लावला. स्प्रिंग तुटलीच तर दोरानं धरावं म्हणून.

"बारसं चुलीपाशी? गाव हसंल!" सासू म्हणाली.

"हसू द्या."

"मंग मी न्हाई नाव ठेवत."

"नका ठेवू. लेकरू माझ्या मांडीवर हाय, इथंच राहील."

बाराव्या दिवशी बाया जमल्या. धुरानं सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते. सासू बराच वेळ दारात उभी होती. मग आत आली, दोन्ही हातांनी पाळणा धरून जोरानं खाली ओढला. काही करकरलं नाही.

"आण इकडं," ती म्हणाली.

मी लगेच दिलं नाही. दोराची गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली. तिचा चेहरा उतरला, उतरू दिला. मगच लेकरू तिच्या हातात दिलं.