‘सो दॅट’नंतरचं ‘वुड’

वृद्धाश्रमात सगळे तिला मावशी म्हणत. आजी-आजोबांना अंघोळ घालणं, कूस बदलणं, चादरी बदलणं, घास भरवणं ही कामं ती एकोणीस वर्षं करत होती. तिच्या हाताखाली शिकलेल्या मुली मुख्य परिचारिका झाल्या. ती होती तिथेच राहिली, कारण आश्रमाचे अहवाल इंग्रजीत लिहावे लागत आणि तिचं शिक्षण सातवीवर थांबलेलं.

सेहेचाळिसाव्या वर्षी तिने संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात नाव घातलं. लेकीने विचारलं, “आता या वयात?”

“सही करायला येते, तसं दोन ओळी लिहायलाही येतील,” मावशी म्हणाली.

वर्गाचे सर निवृत्त मास्तर होते. नियम तोंडपाठ आणि जीभ कातरीसारखी. हेतू कसा सांगायचा, हा धडा त्यांनी तीन आठवडे घोटून घेतला. ‘टू’च्या पुढे क्रियापदाचं मूळ रूप, ‘टू हेल्प’. ‘टू हेल्पिंग’ नाही, ‘फॉर टू हेल्प’ तर नाहीच. ‘इन ऑर्डर टू’लाही तोच न्याय, आणि नकार हवा असेल तर ‘इन ऑर्डर नॉट टू’. ‘सो दॅट’ला मात्र स्वतःचा कर्ता लागतो, आणि कर्त्यापुढे ‘कॅन’ किंवा ‘विल’. गोष्ट होऊन गेलेली असेल तर ‘कुड’ किंवा ‘वुड’.

मावशीने एकदा फळ्यावर ‘आय केम फॉर टू लर्न’ लिहिलं.

“फॉर आणि टू दोन्ही?” सर म्हणाले. “मावशी, दोन दोन काठ्या घेऊन चालताय, तरी पडताय.” वर्ग हसला. मावशीही हसली. मग घरी जाऊन तिने ते वाक्य शंभरदा बरोबर लिहून काढलं.

एका दुपारी ती सहा नंबरच्या खोलीतल्या आजोबांची चादर बदलत होती. त्यासाठी पलंगाचा कठडा तिने खाली केला. एवढ्यात शेजारच्या खोलीची घंटा वाजली. ती धावली, कठडा वर करायला विसरली. आजोबा खाली पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं.

“अहवालात जसं झालं तसं लिही,” पाळीवरची सिस्टर म्हणाली. “चूक कबूल केलीस की ताकीद मिळेल, बस.”

मावशीने लपवलं काहीच नाही. चादर बदलण्यासाठी कठडा खाली केला, हे ‘टू चेंज’ लावून अचूक लिहिलं. घंटा वाजली, मी गेले, हेही लिहिलं. आणि शेवटी, कठडा खालीच होता, त्यामुळे ते पडले: ‘द रेल वॉज डाउन सो दॅट ही फेल’. पण आश्रमात कुणी हसायला नको, म्हणून कागद आधी सरांना दाखवला.

सरांपुढे तीसेक वह्यांचा ढीग होता. मजकुराचा अर्थ न पाहताच त्यांची लाल शाई ओळींवरून धावली आणि शेवटी अडली. “सो दॅटनंतर नुसतं ‘फेल’? तीन आठवडे मी भिंतीला शिकवत होतो?” त्यांनी ‘फेल’ खोडून ‘वुड फॉल’ केलं. वरची चादरीची आणि घंटेची वाक्यं फापटपसारा म्हणून छाटली आणि करणारा कोण ते दिसावं म्हणून मधलं ‘वॉज डाउन’ही बदललं: मी कठडा खाली केला, ‘सो दॅट ही वुड फॉल’.

मावशीने ते सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं, सही केली.

चौथ्या दिवशी व्यवस्थापकांच्या खोलीत आजोबांच्या मुलाने ते वाक्य सावकाश वाचलं आणि तिच्यासाठी त्याचा अर्थ सांगितला: “मी कठडा खाली केला, ते पडावेत म्हणून.”

“असं नाही हो. त्यामुळे पडले, असं म्हणायचं होतं,” मावशी म्हणाली.

“सही तुझीच ना?”

आजोबांनी, पोरीचा दोष नाही, असं दोनदा सांगितलं होतं. पण त्यांना तारीखही आठवत नाही, असं मुलगा म्हणाला आणि तो विषय तिथेच मिटला.

वाक्य सरांनी सुधारलं होतं, असं मावशीने सांगितलं, तेव्हा व्यवस्थापकांनी सरांना बोलावलं. मावशी दाराशी उभी होती. सरांनी कागद वाचला, आणि या वेळी मजकूरही वाचला. त्यांचे कान लाल झाले.

“हे तुम्ही दुरुस्त केलं होतं?” व्यवस्थापकांनी विचारलं.

“माझ्याकडे तीस वह्या असतात,” सर म्हणाले. “अक्षर बाईंचं आहे. वाक्याचं म्हणाल, तर बिनचूक आहे.”

“सर, तुम्ही लाल शाईने...” मावशीने सुरुवात केली.

“तो कागद आहे का तुमच्याकडे?” व्यवस्थापक तिला म्हणाले.

नव्हता. स्वच्छ प्रत झाल्यावर तिने तो चुलीत घातला होता.

त्याच संध्याकाळी तिला काढलं. कामाच्या दाखल्यावर कारण लिहिलं, रुग्णाला हेतुपुरस्सर इजा. तो दाखला घेऊन ती चार आश्रमांत गेली. चौथ्यात दारावरच्या माणसाने तो मोठ्याने वाचला. आता ती एका इमारतीचे जिने पुसते. लेकीच्या सासरी अजून ठाऊक नाही.

वर्गातली एक जुनी सोबतीण परवा जिन्यात भेटली. सर नव्या तुकडीला हेतू आणि परिणाम यांतला फरक शिकवतात, तेव्हा तेच वाक्य फळ्यावर लिहितात, असं तिने सांगितलं. आधी ‘फेल’, मग ‘वुड फॉल’.

“नाव घेतात माझं?”

“नाही. एक आया, म्हणतात.”

“हसतात का पोरं?”

“हसतात.”

मावशीने बादलीत फडकं बुडवलं, पिळलं आणि तिला म्हणाली, “कडेकडेने जा बाई, पायरी ओली आहे.”