परत येण्याचे कारण

गुरुवार, २३ मार्च २००६. सकाळी पावणेअकरा वाजता जयपूरच्या चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या, एका व्हिसा एजंटाने माझे पत्र वाचले आणि बाजूला सारले. वाचायला त्याला अर्धे मिनिटही लागले नाही. मी ते चार दिवस लिहीत होतो.

प्रकरण साधे होते. आमची एकुलती एक मुलगी इंग्लंडमध्ये होती. मे महिन्याच्या मध्यावर तिचे पहिले बाळंतपण होते. पहिले बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. परंतु तिच्या डॉक्टरांनी विमानप्रवास मना केला होता, तेव्हा माहेरानेच तिकडे जायचे ठरले. माहेर म्हणजे माझी पत्नी. दोघांनी जावे एवढी ऐपत नव्हती. तिने एप्रिलअखेर जायचे आणि जूनअखेर परतायचे. व्हिसा नाकारला गेला असता, तर दुसऱ्या अर्जाचा निकाल येईपर्यंत मूल जन्मलेले असते.

अर्जाबरोबर एक पत्र जोडावे लागे. कशासाठी जाता, खर्च कोण करणार, आणि परत याल याची खात्री काय, एवढे त्यात सांगायचे. विमा कार्यालयात मी बत्तीस वर्षे पत्रेच लिहिली होती. त्यामुळे या पत्रासाठी कोणाच्या सल्ल्याची गरज आहे असे मला वाटले नव्हते.

एजंट तिशीतला होता. मी आणि पत्नी त्याच्यासमोर बसलो होतो. त्याच्याकडे येणारी माणसे बहुतेक जवाहिरे. त्यांच्या परदेशातल्या प्रदर्शनांच्या तारखा भिंतीवर खडूने लिहिल्या होत्या.

"अंकलजी, इसमें दस्तखत आपके क्यों हैं? जा तो आंटीजी रही हैं."

मी पत्र पुन्हा हाती घेतले. पहिलेच वाक्य होते, ‘मी माझ्या पत्नीस इंग्लंडला पाठवीत आहे.’ अर्जदार ती होती. पासपोर्ट तिचा होता. आणि पत्र माझे होते. बदलीच्या प्रत्येक गावी रेशनकार्डापासून शाळाप्रवेशापर्यंत प्रत्येक कागदावर सही माझीच होत आली, ती याही कागदावर झाली होती. एजंटाचे म्हणणे बरोबर होते. ते मला आवडले नाही.

"और ये डिलीवरी-विलीवरी मत लिखिए. वो समझेंगे मुफ़्त की आया बुला रहे हैं. घूमने जा रही हैं, बस."

त्याने ठेवणीतले छापील पत्र काढले. त्यात नाव आणि तारीख एवढेच भरायचे होते. अर्जदार इंग्लंडमधली संग्रहालये व किल्ले पाहण्यास उत्सुक आहे आणि जयपुरात तिच्या कुटुंबाचे स्वतःचे घर आहे, असे त्यात म्हटले होते.

"मकान तो अपना होगा?"

"किराये का है."

"गाँव में ज़मीन?"

"भाइयों के पास."

"बेटा?"

"एक बेटी है. वहीं है."

त्याने पेन खाली ठेवले. "तो आंटीजी वापस क्यों आएँगी? मतलब, काग़ज़ पर?"

मी उठलो. सहावारी साडीतली एक बाई, जिने अडतीस वर्षांत सहा गावांत सहा वेळा चूल मांडली, ती पळून जाणार नाही याचा पुरावा सातबाऱ्याच्या उताऱ्यात शोधायचा? आणि घर भाड्याचे, म्हणून खोटे घर लिहायचे? आयुष्यभर मी विम्याचे दावे तपासले. आजार लपवून पॉलिसी घेतली आणि पुढे उघडकीस आले, की दावा बाद होई. विधवा समोर रडत असली तरी बाद होई. तशा कागदांवर माझ्या सह्या आहेत. आणि आता माझ्याच बायकोने बाळंतपण लपवून किल्ले पाहायला जायचे होते.

"खोटं लिहायचं नाही," मी मराठीत म्हणालो. ते पत्नीसाठी होते.

"लिहा कोण म्हणतंय?" ती म्हणाली. मग एजंटाकडे वळून, "भैया, फाइल कब तक देनी है?"

"आज पाँच बजे तक, आंटीजी. कल सुबह आदमी दिल्ली निकल जाएगा."

रिक्षाने आदर्श नगरला परतलो तेव्हा साडेबारा झाले होते. घरी आल्यावर तिने जेवणाच्या टेबलावरचे ताट सरकवले आणि समोर बसली.

"मी सांगते. तुम्ही इंग्रजीत करा. जसंच्या तसं, आं? आपलं साहेबी घालू नका."

मी टंकयंत्र काढले.

तिने सांगितले ते मुद्देसूद होते. मला ते अपेक्षित नव्हते. मुलीचे पहिले बाळंतपण आहे, म्हणून जाते. तिथे दवाखाना आहे, नर्स आहे. मी नोकरीला जात नाही, आई म्हणून जाते. सोबत मुलीच्या डॉक्टरांचे पत्र जोडले आहे. तिकिटाचा खर्च पतीच्या पेन्शनीतून आणि ठेवीतून; पासबुक व पेन्शनचा आदेश जोडला आहे. राहणे-जेवणे मुलगी-जावयाकडे, त्यांचे निमंत्रण आणि जावयाच्या पगाराचे कागद जोडले आहेत.

"पुढे?" मी विचारले.

"घर भाड्याचं आहे. लिहा."

"ते विचारलेलं नाही."

"लिहा म्हणते ना. खरं लिहायचं तर सगळंच खरं."

मी लिहिले.

"आता परत का येणार ते. लिहा, की घरी नवरा आहे. सदुसष्ट वर्षांचा. त्याला साखर आहे. दोन वेळा इन्शुलिन लागतं आणि ते मी टोचते, कारण त्याला स्वतःला सुई लावता येत नाही."

माझी बोटे थांबली.

"थांबलात का? खोटं आहे?"

खोटे नव्हते. चार वर्षे सकाळ-संध्याकाळ ती टोचत होती. स्वतःच्या पोटात सुई घालण्याचा मी एकदा प्रयत्न केला होता. नंतर केला नाही.

"मग तू नसताना दोन महिने कोण टोचणार, असं ते विचारतील," मी म्हणालो.

"विचारू देत. मीही तेच विचारणार होते. महिनाभर वाट बघतेय, तुम्ही आपणहून काढाल विषय."

मी लिहिले: ‘माझ्या अनुपस्थितीसाठी माझे पती इंजेक्शन स्वतः घेण्यास शिकत आहेत.’ वाक्य वाचून दाखवले.

"शिकत आहेत?" ती हसली. "आणि शिकलात तर मी परत कशाला येऊ? एजंटाला विचारून घ्या."

"सही कर."

तिने पत्र पुन्हा वाचले, ओळीवर बोट ठेवून. मग पूर्ण नाव लिहून सही केली. तिची सही माझ्या सहीपेक्षा सुवाच्य आहे, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आले.

साडेचार वाजता फाइल एजंटाच्या टेबलावर ठेवली. त्याने पत्र चाळले. भाड्याच्या घराशी तो थांबला.

"ये भी लिख दिया? अंकलजी, अपने हाथ से केस बिगाड़ रहे हैं."

"जैसा है वैसा भेजिए," मी म्हणालो. पावती मागून घेतली. त्याचे छापील पत्र अजून तिथेच पडले होते, दुसऱ्या कोणाचे नाव भरायला. ते पाहून सकाळचा राग पुन्हा आला. तो आजही पुरता गेलेला नाही.

त्या कागदांवर काय ठरेल हे आमच्या हाती नव्हते. पत्रातले एक वाक्य मात्र त्या घटकेला खरे नव्हते, आणि ते माझ्याबद्दलचे होते. खाली सही तिची होती.

साडेसातला, जेवणाआधी अर्धा तास, मी फ्रिजमधून कुपी काढली. तिने स्वयंपाकघराच्या दारातून सांगितले, मी केले. कुपी तळव्यांत फिरवली. मात्रा ओढली. बुडबुडा टिचकीने वर आणून काढला. पोटाची कातडी चिमटीत धरली. पहिल्यांदा हात मागे आला.

"अहो, ती पण वाट बघतेय, साखर," ती म्हणाली, पण पुढे आली नाही.

दुसऱ्यांदा सुई गेली. दहापर्यंत मोजून काढली. सुईवर टोपण लावले, सिरिंज पत्र्याच्या डब्यात टाकली, कुपी फ्रिजच्या दारात जागच्या जागी ठेवली, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेखाली पेन्सिलीने खूण केली.