न खेकसलेली चौथी मात्रा

आई गेली त्या सकाळी मला रडू आलं नाही. बधिर होते. दफनाच्या मिस्साला, चर्चमधल्या शेवटच्या उपासनेला, वाजवशील का, असं माझ्या व्हायोलिनच्या सरांनी विचारलं आणि मी हो म्हटलं.

बोईसरच्या चर्चमध्ये आम्ही चौघं व्हायोलिन वाजवायचो. सर नवापूरचे, मुंबईच्या स्टुडिओंत वाजवून म्हातारपणी गावी परतलेले. शवपेटी बाहेर नेताना वाजणारं गीत आईचं आवडतं, आणि त्यातच माझी खोड. दर घरात, म्हणजे चार मात्रांच्या दर गटात, लांब तीन मात्रांचा सूर, मग एका मात्रेचा. मिस्सा संपला की आई म्हणायची, तुझं व्हायोलिन मधेच खेकसतं. निदान आज तरी ते खेकसू नये, एवढंच मला हवं होतं.

कारण साधं होतं. तीन मात्रांत गज मुठीपासून टोकापर्यंत खाली ओढायचा आणि एका मात्रेत अख्खा वर आणायचा, म्हणजे तो तिप्पट वेगाने धावणार. सूर मोठा होणारच. चौथ्या मात्रेला थोडाच गज द्यावा, तर पुढच्या घराला आपण टोकाशीच अडकलेले. मी दोन्ही करून पाहिलं होतं.

सरांनी माझ्या स्वरलिपीच्या कागदावर पेन्सिलीने दोन्ही सुरांवर एक कमान काढली. कमान म्हणजे स्लर: तिच्याखालचे सूर एकाच गजात, दिशा न बदलता. पण इथे दोन्ही सूर एकाच उंचीचे होते. नुसती कमान म्हणजे ते जोडून एकच लांब सूर. म्हणून त्यांनी प्रत्येकावर आडवी रेघ ओढली. सूर पूर्ण धरायचा, मधे गज किंचित हलका करायचा, थांबवायचा नाही. रेघेऐवजी टिंब असतं तर सूर तोडावा लागला असता.

“गजाचे चार वाटे कर,” सर म्हणाले. “तीन पैल्याला, एक दुसऱ्याला. म्होरलं घर वरच्या गजाने. घाई करायची नाय.”

मिस्सात मी तेवढंच केलं. तीन वाटे, एक वाटा, वर. तीन वाटे, एक वाटा, खाली. घाई नाही, जोर नाही. फादर काय बोलले ते मला आठवत नाही. मावशी हुंदके देत होत्या म्हणे. मला फक्त गज किती उरलाय ते दिसत होतं.

शेवटचं घर संपलं. गज टोकाला पोचला तेव्हा सूरही संपला, ना आधी ना नंतर. शेजारून सर हळूच म्हणाले, “आज पुरला.”

चांगलं वाजवल्याचं मलाही कळलं आणि काहीच वाटलं नाही. मी मान वर केली. बाकांमधली वाट मोकळी होती, बाकं रिकामी होती. आईला लोक केव्हाच बाहेर घेऊन गेले होते आणि मी तिला जाताना पाहिलंच नव्हतं.