गिरणीचं गिऱ्हाईक कोण?

पालघरच्या ज्या कॉलेजात मी व्यवस्थापनाच्या मुलांना मार्केटिंग शिकवते, तिथल्या पुस्तकात सगळी उदाहरणं मोठ्या कंपन्यांची. शाम्पू, मोटारी, थंड पेयं. वर्गातली निम्मी मुलं सफाळे, केळवे, मनोरकडून येतात. शाम्पूच्या कंपनीने काय केलं हे ती लिहून घेत, पण त्यांच्या तोंडावर काही उमटत नसे. एका सोमवारी मी फळ्यावर मार्केटिंग मिक्सचे चार शब्द लिहिले, प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन, आणि पुस्तक मिटून म्हटलं, "आपण हे एका पिठाच्या गिरणीवर करून बघू."

गिरणी माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, बोईसरला. चालवते ती बाई माझ्याच वयाची. मी तिला वहिनी म्हणते, ती मला बाई. गेली कित्येक वर्षं माझं दळण तिच्याकडे असतं. माझा समज असा होता, की इतका साधा धंदा एका तासात समजावून होईल. तो तास काही आठवडे चालला आणि शेवटी सगळ्यात जास्त गोंधळ माझाच झाला.

मी आधी वहिनींची परवानगी घेतली. त्या घाबरल्याच.

"माझी कसली परीक्षा घेता बाई?"

"तुमची नाही हो. मुलांची."

"मंग चालेल. पण पोरं जास्त नको आणा, जागा नाय."

पाच-सहा मुलं घेऊन गेले. चक्की बंद होती, म्हणून बोलता आलं. एकाने पहिलाच प्रश्न विचारला, "वहिनी, तुमचं प्रॉडक्ट काय?"

"पीठ," वहिनी म्हणाल्या.

त्यावर केळव्याहून येणारी मुलगी म्हणाली, "पण पीठ त्यांचं नाहीच ना मॅडम. धान्य गिऱ्हाईक घेऊन येतं. या फक्त दळून देतात."

मुलं माझ्याकडे बघायला लागली. तिचं बरोबर होतं. म्हणजे ही वस्तू नव्हे, सेवा. आणि सेवा असेल तर चार पी पुरत नाहीत; माणसं, काम करायची रीत आणि दुकानात जे डोळ्यांना दिसतं ते, असे आणखी तीन धरावे लागतात. मी तसं सांगितलं. मुलांनी लगेच वहीत चाराचे सात केले. वर्गात "फक्त चार लक्षात ठेवा" असं मीच म्हटलं होतं, हे कोणी बोललं नाही. वहिनी मात्र म्हणाल्या, "म्हणजे पीठ माझं नाय? आता काय दळू मी?" आणि हसल्या. मला हसू आलं नाही. इतकी वर्षं मी स्वतः "पीठ आणायला जाते" असंच म्हणत आले होते.

खरी अडचण सेगमेंटेशनला आली. बाजार एकसारखा नसतो; गिऱ्हाइकांचे गट पाडायचे, गट असे की एका गटातल्यांची गरज साधारण सारखी, मग आपल्याला पेलेल तो गट निवडायचा आणि मिक्स त्याच्याकरता जुळवायचा. हे मी नीट शिकवलं होतं. मुलांनी आळीपाळीने गिरणीजवळ उभं राहून बघितलं आणि गट आणले. एक, गल्लीतली कुटुंबं. दोन, मासवणकडच्या गावांतून बाजाराला आलेल्या बायका. त्या तांदूळ, नाचणी दळून नेतात. तीन, कारखान्यांत काम करणारे, खोली करून राहणारे परप्रांतीय कामगार. त्यांना गव्हाचं पीठ लागतं. कागदावर फार सुबक दिसत होतं. मी फळ्यावर तीन गोल काढले आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

वहिनींना याची गरजही होती. गल्लीच्या तोंडाशी नवं दुकान झालं होतं, तिथे तयार पिठाची पाकिटं मिळत. वहिनींची संध्याकाळची गर्दी ओसरली होती. त्यांनीच मुलांना विचारलं, "काय करू सांगा मला."

मुलांनी सांगितलं. चक्की एकच आहे. नाचणीच्या मागून गहू दळला की पीठ काळपट दिसतं, बायका कुरकुर करतात, मधे चक्की झाडून घ्यायला वेळ जातो. म्हणून सकाळी तांदूळ आणि नाचणी, संध्याकाळी गहू. कामगार कामावरून सुटून संध्याकाळीच येतात, त्यांनाही सोय. शिवाय त्यांच्याकरता गव्हाच्या तयार पिठाच्या लहान पिशव्या भरून ठेवायच्या. गहू वहिनींनी घ्यायचा. मुलांनी रंगीत फळा करून दिला, मराठीत आणि हिंदीत. "भाकरीचं पीठ सकाळी, चपातीचं संध्याकाळी." मी तो बघितला आणि "छान" म्हटलं.

चार-पाच दिवसांत वहिनींचा फोन आला. आवाज चढलेला होता.

"बाई, तुमी येता का जरा? हितं भांडण लागलंय."

मी गेले. मासवणकडची एक बाई दोन पिशव्या घेऊन उभी होती, एकीत तांदूळ, एकीत गहू. ती मलाच विचारायला लागली, "मी सकाळची एस्टी धरून आले. तांदूळ आता दळतील, गव्हाला संध्याकाळी या म्हणतात. मी काय दोनदा येऊ? पोरांना डब्यात चपात्या लागतात, म्हाताऱ्यांना भाकरी. घर एकच हाय ना माझं?"

आमच्या तीन गोलांत ही बाई दुसऱ्या गोलात होती. तिच्या पिशवीतला गहू तिसऱ्या गोलातला होता.

वहिनींनी तिचे दोन्ही दळून दिले. मागे उभी असलेली गल्लीतली एक आजी म्हणाली, "मग माझा पण गहू घे." त्या दिवशी फळा भिंतीवरच होता, पण त्याला कोणी विचारत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आणखी एक घोळ निघाला. एक कामगार सकाळीच गहू घेऊन आला. मुलं तिथे होती. त्यांनी त्याला फळा दाखवला. तो म्हणाला, "भैया, इस हफ़्ते मेरी सेकंड शिफ्ट है. शाम को मैं कंपनी में रहूँगा."

केळव्याच्या मुलीने वर्गात हात वर केला. "मॅडम, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. म्हणजे हा माणूस दर आठवड्याला सेगमेंट बदलतो?"

"नाही," मी म्हटलं. मग म्हटलं, "म्हणजे, हो. वापराच्या वेळेनुसार गट केले तर हो."

"मग आपण गट कशावरून केले होते?"

मी फळ्याकडे वळून खडू शोधायला लागले. खडू हातातच होता.

कशावरून केले होते? कोण कुठून आलंय, कुठली भाषा बोलतं, कुठे राहतं यावरून. डोळ्यांना दिसतं तेवढ्यावरून. ते चूक आहे असं नाही. पुस्तकातही भौगोलिक आणि लोकसंख्येवरचे गट असतात. पण ते गट आणि माणसांची गरज एकमेकांवर बसतातच असं नाही, हे तपासायचं राहून गेलं होतं. एका मुलाने विचारलं, "मॅडम, मग गरजेवरून करू या का? थांबायला वेळ नसलेले, आणि समोर उभं राहून दळून घेणारे?"

हे चांगलं होतं. मी तसं म्हटलंही. पण लगेच दुसरा म्हणाला, "माझी आई रोज थांबते. गणपतीच्या आदल्या दिवशी मात्र तिला अजिबात वेळ नसतो." वर्ग हसला. मला वाटलं, आता कुठलाही गट सांगितला तरी कोणीतरी आपली आई मधे आणणार.

शेवटी त्या मुलीनेच गाठ सोडवली, निदान अर्धी. ती म्हणाली, "आपण माणसं वाटली एका हिशेबाने आणि वेळ वाटली धान्याच्या हिशेबाने. गिरणीतल्या फळ्यावर माणसं नव्हतीच, नुसतं धान्य होतं. आणि चक्की एकच, म्हणजे वेळ बदलली की सगळ्यांचीच बदलली. एका गटाकरता केलेली सोय बाकीच्यांना गैरसोय झाली."

मी हे फळ्यावर लिहून घेतलं आणि खाली पुस्तकातल्या चांगल्या गटाच्या अटी लिहिल्या. गट मोजता यायला हवा, पुरेसा मोठा हवा, त्याच्यापर्यंत पोहोचता यायला हवं, वेगळा उठून दिसायला हवा आणि त्याच्याकरता आपल्याला खरंच काही वेगळं करता यायला हवं. शेवटच्या अटीशी आम्ही अडखळलो होतो. दोन चक्क्या असत्या तर कदाचित जमलं असतं. कदाचित. पण दोन पिशव्यांच्या बाईचं तेव्हाही काय झालं असतं, ते मला सांगता येईना.

वहिनींनी वेळेचा फळा काढला. तयार पिठाच्या पिशव्या मात्र ठेवल्या. त्या कोण घेतं हे बघायला मुलं पुन्हा गेली. आमच्या मते कामगार घेणार होते. त्यांतले काही घेत, पण बरेच जण खोलीवर भातच शिजवत किंवा खानावळीत जेवत. पिशव्या जास्त उचलल्या त्या गल्लीतल्या एकेकट्या किंवा दोघंच राहणाऱ्या म्हाताऱ्यांनी. दोन माणसांचं, एका माणसाचं दळण घेऊन गिरणीत जायला त्यांना संकोच वाटे. हे आमच्या कुठल्याच कागदावर नव्हतं. पहिल्या गोलात, कुटुंबांमध्ये, ते असून नसल्यासारखे होते.

"म्हणजे तुमचा विचार चुकला, पण पिशव्या खपल्या," वहिनी मला म्हणाल्या. "आता हे बरोबर धरायचं का चूक?"

"मलाही कळत नाही वहिनी."

"तुमी शिकवता ना?"

"हो."

त्यांच्या विचारण्यात चेष्टा नव्हती, त्यांनाही खरंच जाणून घ्यायचं होतं. पुढे काय करायचं ते त्यांना ठरवायचं होतं, आणि मी काहीच ठाम सांगत नव्हते.

मग गौरी-गणपती आले. मोदकांच्या पिठाकरता रांग लागली, संध्याकाळीही. सण संपल्यावरही गर्दी पूर्वीपेक्षा बरी राहिली. मुलांनी आनंदाने लिहिलं, की पिशव्यांमुळे लोकांचं गिरणीकडे लक्ष गेलं. वहिनींचं म्हणणं, गल्लीच्या तोंडाशीच्या दुकानातल्या पिठाला कंटाळून लोक परतले. मला वाटतं, मधे त्यांनी चक्कीच्या दगडांना टाकी लावून घेतली, म्हणजे गुळगुळीत झालेले दगड ठोकून पुन्हा खरखरीत करून घेतले, पीठ बारीक यायला लागलं, त्याचा परिणाम असेल. तिघांपैकी कोण बरोबर हे कळायला काही वाट नव्हती. सगळं एकदमच बदललं होतं.

प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी अहवाल चाळला आणि केळव्याच्या मुलीला विचारलं, "सारांश सांगा. या गिरणीचा टार्गेट सेगमेंट कोणता?"

तिने माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "सर, ज्यांचं दळण थोडं आहे ते. पण हे आम्हाला आधी माहीत नव्हतं. आम्ही निवडले होते वेगळेच."

"मग निवड चुकली म्हणायची?"

"निवड चुकली. पिशवीचा आकार नाही चुकला. का ते आम्ही लिहिलंय, पण नक्की तेच कारण आहे का, ते नाही सांगता येणार."

परीक्षकांनी मान हलवली आणि पुढचा कागद उलटला. त्यांना पटलं की कंटाळा आला, तेही समजलं नाही. गुण चांगले पडले.

मी ते उदाहरण अजून शिकवते. आता गट आधी आणि मिक्स मागून घेते, एवढा बदल केला. दर वर्षी कोणी ना कोणी विचारतं, की दोन पिशव्यांची बाई कुठल्या गोलात घालायची. मी एकदा गरजेवरून सांगते, एकदा वेळेवरून. कधी तिचा वेगळा गोल काढते, आणि मग त्यात आणखी कोण कोण येईल असं विचारल्यावर वर्गातली बहुतेक मुलं आपापल्या घरचं सांगायला लागतात.