राहीबाईचं मशीन आणि माझा नारळ

कोल्हारच्या राहीबाईचं नाव काढलं की अजून माझं डोकं तापतं. लोक म्हणतात, बाई करारी. असेल. तिच्या करारीपणाची किंमत मी मोजलीय, म्हणून मला कौतुक जरा कमी.

एकाहत्तर साल. मी, सहादेव, श्रीरामपुरात शिलाई मशीनच्या दुकानात विक्रीला होतो. समोर मोठी काच होती म्हणून शेठ दुकानाला शोरूम म्हणायचे. नवरात्राच्या तोंडावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "नुसतं मशीन कुणीही विकतं. महिना संपायच्या आत एक तरी पूर्ण सेट विकून दाखव. नाहीतर तुझ्या खुर्चीवर भाचा बसेल." पूर्ण सेट म्हणजे मशीन, त्यावर लाकडी झाकण, भरतकामाचा संच आणि वर्षभराच्या देखभालीचे आगाऊ पैसे. मशीनवर नफा बेताचाच असतो. दुकानाचं पोट भरतं ते या वरच्या वस्तूंवर.

घट बसले त्या आठवड्यात ही बाई आली. उंच, काळीसावळी, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. गावात शरिफा नावाच्या शेजारणीच्या मशीनवर निम्म्या हिश्शानं शिवायची. आता शरिफाची सून आली होती, तिलाच मशीन लागणार होतं. दिवाळीचे झंपर आणि पोरांचे कपडे शिवायला घेतलेले, आणि हाताखाली मशीन नाही. दसऱ्याला मशीन घरात आलं नाही तर ते सगळं कापड बायकांना परत द्यायचं आणि धंदाच मोडायचा, असा तिचा प्रसंग. हे मला तिनं नाही सांगितलं, एसटीत तिच्याशेजारी बसून आलेल्या एका गिऱ्हाइकानं सांगितलं. मी मनात म्हणालो, गरजवंताला अक्कल नसते, सेट हिच्याच गळ्यात मारायचा.

"पायमशीन, टेबलासकट, विक्रीकर धरून, कोल्हारला पोचवून. किती?" बाईनं उभ्याउभ्याच विचारलं.

मी भाव सांगितला, वर झाकणाची महती लावली. ती म्हणाली, "जे इच्यारलं तेवढंच कागदावर लिहून द्या. तुमच्या शिक्क्याचा कागद."

"कधी घेणार?"

"ते माझं मी बघीन."

मी चरफडत कोटेशन लिहून दिलं. ती पायरी उतरली आणि सरळ समोरच्या दुकानात शिरली. मला काचेतून दिसत होतं. अशा गिऱ्हाइकाचा मला पहिल्यापासून संताप येतो. घ्यायचं तर घ्या, नाहीतर चालू लागा, दारोदार कागद काय गोळा करता?

दसरा त्या साली महिनाअखेरीलाच आला होता. कंपनीनं आमच्या दुकानाला महिन्याला मशीनांचा एक आकडा ठरवून दिलेला असे. तो गाठला तर सगळ्या मशीनांवर बक्षीस, एक कमी पडलं तरी सगळं बक्षीस बुडालं. आम्ही नेमके एका मशीननं अडलो होतो, आणि दुकानात मशीनही एकच उरलं होतं. शेठ सकाळपासून उकळत होते. दुकानात झेंडूच्या माळा लावल्या होत्या, दारावर पाटी होती : दसऱ्यानिमित्त प्रत्येक मशीनवर कात्री आणि टेबलाचं कापड भेट.

राहीबाई पहिल्या एसटीनं आली. पिशवीतून तीन कागद काढून तिनं काउंटरवर शेजारी शेजारी मांडले. आमचा, समोरच्या दुकानाचा आणि नगरच्या एका दुकानाचा. तिन्ही एकाच कंपनीच्या एकाच मशीनचे. नगरचा भाव सगळ्यात खाली होता.

"नगरला त्यात पोचवणं नाही," मी म्हणालो.

"ठावं हाय. भाडं धरूनबी तुमच्यापेक्षा कमीच पडतंय. समोरचा म्हनाला, नगरच्या भावात देतो. पर त्याच्याकडं मशीन दिवाळीनंतर येनार. तुमच्याकडं आज हाय. आन् तुमचा कंपनीचा आकडा एका मशीननं अडलाय म्हनं."

समोरच्यानं आमचं घरचं गुपित हिला सांगितलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"शिवाय ही भेट मला नगं. माझी कात्री हाय. तिचे पैसे भावातनं वजा करा."

"भेट ती भेट, बाई. तिचे पैसे वजा होत नाहीत. आणि देखभाल घेतली नाही तर गॅरंटी चालत नाही." हे मी बोललो ते खोटं होतं. गॅरंटीचं कार्ड कंपनी मशीनबरोबरच देते.

"आसं? मग ह्याच कागदावर लिवा की, देखभालीबिगर गॅरंटी न्हाई म्हून. खाली सही करा."

मी पेन उचललं नाही. शेठ गादीवरून बघत होते. त्यांच्या डोळ्यांत भाचा दिसत होता मला.

तेव्हा मला नारळाची बुद्धी सुचली. आमच्याकडं विकलेल्या मशीनला दसऱ्याला हळदकुंकू लावून नारळ फोडायची रीत. एकदा पूजा झाली की गिऱ्हाईक मागं सरत नाही, देवाधर्माला भितं. मी ते मशीन ओढून मध्ये घेतलं, त्यावर लाकडी झाकण बसवलं, भरतकामाचा संच शेजारी ठेवला, कुंकू लावलं आणि ती काही बोलायच्या आत नारळ फोडला.

"झालं, बाई. लक्ष्मी तुमच्या घरी निघाली. आता चांगल्या दिवशी नाट लावू नका. पूर्ण सेटचं बिल करतो."

राहीबाई हलली नाही. तिनं झाकण उचलून बाजूला ठेवलं, संच त्याच्यावर ठेवला, आणि तीन कागदांची घडी घालायला लागली.

"मी घेते म्हनाले न्हवते. ठिवा तुमचं."

देवळाली प्रवऱ्याच्या छबूबाई नवऱ्याला घेऊन बाकावर बसल्या होत्या, त्यांनाही मशीनच बघायचं होतं. मी चिडून म्हणालो, "ठेवतो. या ताई नेतील."

छबूबाई जागच्या जागी मागं सरकल्या. "आमी न्हाई बाई. दुसरीच्या नावानं नारळ फुटलेलं दसऱ्याला आमच्या दारात न्यायचं? ह्ये मशीन सोडून दावा."

दुसरं नव्हतंच. राहीबाई दाराशी थांबली, पण वळली नाही. समोरच्या दुकानाचा माणूस बाहेर येऊन मजा बघत होता.

शेठ उठले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "नगरच्या भावात द्या. पोचवून."

"कात्रीचे वजा करून," दारातून राहीबाई म्हणाली.

"करून."

तिनं पैसे मोजून दिले, गॅरंटीचं कार्ड मागून घेतलं, बिलावर मशीनशिवाय एक शब्द नाही हे कुणाकडून तरी वाचून घेतलं. जाताना फुटलेल्या नारळाची दोन्ही भकलं उचलून पिशवीत टाकली. "माझ्या मशीनचा हाय," म्हणाली. शेठना कंपनीचं बक्षीस मिळालं. पुढच्या महिन्यात माझ्या खुर्चीवर भाचा बसला, आणि नारळाचे पैसे माझ्या शेवटच्या पगारातून कापले गेले.

मला मशीनं उघडता येत होती, तेवढंच हातात होतं. पाने, पेचकस आणि तेलाची बाटली पिशवीत घालून मी गावोगाव दुरुस्तीला हिंडू लागलो. कोल्हारला पाय ठेवायचा नाही असं ठरवलं होतं. पण पोट कुणाचं ऐकत नाही. संक्रांतीच्या सुमाराला तिथं गेलो, तर गावानं मला थेट तिच्याच ओट्यावर नेऊन बसवलं. तिचं मशीन टाका सोडत होतं, आणि गॅरंटीत ते श्रीरामपूरला न्यायचं तर शिवणकाम आठवडाभर अडलं असतं.

तिनं मला ओळखलं. चहा दिला. मग म्हणाली, "राहुरीचा कारागीर काय घेतो ते मी इच्यारून ठिवलंय. तेवढंच देईन."

शिव्या ओठांपर्यंत आल्या होत्या. गिळल्या. तिच्या भावात काम केलं. घरात भिंतीला लागून शिवलेल्या कपड्यांची चळत होती, आणि एक बाई आणखी कापड घेऊन दारात उभी होती.

चाकाच्या खाचेत त्या दसऱ्याचं कुंकू अजून चिकटलेलं होतं. मी पुसायला फडकं घेतलं.

"ऱ्हाऊ द्या," राहीबाई म्हणाली. "त्यो नारळ आन् ह्ये कुंकू, तेवढंच तुमच्याकडनं फुकाट मिळालंय."