नुसता नंबर

पेंटरकाकांनी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. सोसायटीच्या बोर्डावर कुणी गिचमिड नोटीस लावली की जिना चढताचढता त्यांचं तोंड सुरू. "हे काय! सगळीच अक्षरं ओरडतायत, मग ऐकायचं कुणाचं?"

काकू अंथरुणाला खिळल्या आणि पहिल्यांदाच काकांना स्वतःसाठी नोटीस करायची वेळ आली. डॉक्टरांनी बजावलं होतं, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. काकांची स्वतःची कंबर गेलेली. त्यांना एकट्याने काकूंना हलवता यायचं नाही. बाई हवी होती, आणि लगेच.

सोसायटीच्या ऑफिसात मॅडम कॉम्प्युटरवर बसल्या, काका मागे उभे.

"'बाई हवी' सगळ्यात मोठं. त्याखाली निम्म्या आकारात 'आजारी स्त्रीची देखभाल'. वेळ, मजला त्याहून बारीक. आणि बाजूने कोरी जागा सोड गं, श्वास घेऊ दे कागदाला!"

तळाशी फाडून न्यायच्या उभ्या पट्ट्या, प्रत्येकीवर उभा वळवलेला फोन नंबर.

"काका, पट्टीवरही 'देखभाल' टाकू ना?"

"मग नंबर बारीक होईल. वर एवढं ढळढळीत लिहिलंय, लोक काय आंधळे आहेत?"

"पट्टी घरी जाते, वरचा कागद नाही जात काका."

"पाट्या मी रंगवल्यात की तू?"

मॅडमनी प्रिंट काढून दिली. काकांनी कात्रीने पट्ट्यांमध्ये चिरा दिल्या, वरची कड मात्र जोडलेलीच ठेवली. बोर्डावर लावल्यावर पहिली पट्टी स्वतःच फाडली. एक फाटलेली दिसली की दुसऱ्याचा हात पुढे होतो, हे त्यांना पक्कं ठाऊक.

आणि खरंच, आठवड्याभरात सगळ्या पट्ट्या गेल्या! काका घरी येऊन काकूंना म्हणाले, "बघ, नवऱ्याच्या हाताला अजून यश आहे."

काकू हसल्या. "मग फोन का नाही वाजत हो?"

फोन वाजलाच नाही. काका उशी लावून, दात-ओठ खात त्यांना वळवायचे, अर्ध्यातच दम संपायचा. पाठीला जखम झाली, जखमेचा ताप झाला. हॉस्पिटलात नेलं, पण काकू परत आल्याच नाहीत.

काका पुन्हा ऑफिसात. मॅडमनी हळूच विचारलं, "मोठं काय घेऊ?"

"तिचं नाव."

तेवढ्यात खिशात फोन वाजला. पलीकडे कुणी बाई. "दादा, पाकीट साफ करताना हा नंबर निघाला. तुमच्या बोर्डावरून घेतलेला, पण कशाचा ते आठवेचना. तुम्ही नळवाले का?"

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो? मी पेशंट सांभाळते, कामाचं असेल म्हणून घेतला असणार मी..."

"नळवाला नाही मी," काका म्हणाले. "काम होतं. आता नाही."

मॅडमनी मान वर केली नाही. स्क्रीनवर काकूंचं नाव, बाजूने भरपूर कोरी जागा.