मावशींच्या जबाबाचा सारांश

लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत मी मुख्याध्यापिका असताना पाण्याच्या खोलीचे छप्पर कोसळले आणि एका मुलीचा हात मोडला. शाळा तपासणाऱ्या डेप्युटीसाहेबांना अहवाल धाडायचा होता. म्हणून शाळेत पाणी भरणाऱ्या, जवळच्या औंढे गावच्या मावशींचा जबाब घेतला.

"वासा किडलाय म्हून म्या तुमास्नी दोनदा सांगितलं, बाई. तुमी म्हनला, बघू."

ते खरे होते. पण सरकारी कागदात असले बोलणे शोभत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि सारांश लिहिला : 'वासा किडल्याचे सदर नोकराणीस पूर्वीपासून ज्ञात होते.' वाक्य शुद्ध होते, खोटेही नव्हते.

आठवड्यात हुकूम आला. ज्ञात असूनही वरिष्ठांस न कळविल्याबद्दल सदर नोकराणीस कमी करण्यात यावे.

मावशींना तो मीच वाचून दाखवला.

"म्या सांगितलेलं लिवलं न्हाई व्हय?"

"तुमची बोली कागदात चालत नाही, मावशी."

"मग तुमच्या बोलीत लिवायचं."

'मुख्याध्यापिकेस दोन वेळा सूचना देण्यात आली होती' हे वाक्य मला सहज लिहिता आले असते. पुरवणी अहवालाचीही सोय होती. तो मी पाठवला नाही.